‘फिक्स रेट’ लिहावं की ‘कमी-जास्त होईल’?

जुना रोटाव्हेटर विकायला काढला की किंमत ठरवणं त्यातल्या त्यात सोपं. तिच्या पुढची ओळ काय लिहावी, तिथे माणूस अडतो. आमच्या यवतमाळकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर दोनच ओळी फिरतात, ‘फिक्स रेट’ नाहीतर ‘कमी-जास्त होईल’. मी दोन्ही लिहून पाहिल्यात.

‘फिक्स रेट’ लिहिलं की फोन मोजकेच येतात, पण जो येतो तो घ्यायच्या बेतानं. मात्र इकडे जुन्या वस्तूत पाचशे रुपये तरी सुटल्याशिवाय घेणाऱ्याचं समाधान होत नाही. त्यात ‘टाइमपासवाल्यांनी फोन करू नये’ असं जोडलं, तर चांगलं गिऱ्हाईकही बिचकतं. ठामच राहायचं असेल तर कारण द्यावं: ‘पाती झिजली आहेत, बदलायचा खर्च धरूनच भाव लावला आहे.’ मग पात्यांवरून कोणी भाव पाडत नाही.

‘कमी-जास्त होईल’ला फोन भरपूर येतात. मला ती ओळ नकोशी झाली एका प्रश्नामुळे: ‘भाऊ, लास्ट किती?’ यंत्र पाहिलेलं नाही, गाव विचारलेलं नाही. समजा, जाहिरातीत 52,000 आहेत आणि आपण भिडेखातर 49,000 म्हणून बसलो. मग तोच माणूस मिस्त्री घेऊन येतो, पाती चाचपतो, गिअरबॉक्सखालचा तेलाचा डाग दाखवतो. आता बोलणी 52,000 वरून नाही, 49,000 वरून सुरू होतात. एकाच वस्तूवर दोनदा सूट, त्यातली पहिली तर न पाहताच दिलेली.

म्हणून हल्ली मी असं लिहितो: ‘किंमत 50,000. शेतावर येऊन चालवून पाहा. पसंत पडला तर समोर बसून थोडंफार पाहू. फोनवर भाव बोलत नाही, राग नसावा.’ भाव सुटणार हे कळतं, आणि कधी सुटणार हेही. मनात 48,000 धरून ठेवतो, पण ‘हजार-दोन हजार कमी करू’ असा आकडा जाहिरातीत घालत नाही. घातला की लोक 48,000 हीच किंमत समजून पुढे बोलतात.

याचीही अडचण आहेच. गडचिरोलीकडून यायचं असेल तर आकडा न कळता कोण निघेल? अशाला मी म्हणतो, ‘सौदा झाला तर तुमच्या येण्याजाण्याचं डिझेल किमतीतून वजा.’ फोनवर भाव हलत नाही आणि सौदा जमला तर येण्याजाण्याचा खर्चही त्याच्या अंगावर पडत नाही.

मृगाच्या तोंडावर, मागणी असताना, ‘फिक्स’ही बहुधा चालून जातं. फवारणी पंपासारख्या दोन-तीन हजारांच्या वस्तूला तर मी तेच लिहीन. तेवढ्यासाठी कोणाला शेतावर बोलवायचं?