पंगत साडेबाराची: सगळे सातला, की प्रत्येकाची वेळ वेगळी?

भाच्याच्या मुंजीला 200 पानं आहेत. आचाऱ्यांना सातलाच बोलवावं की वेळ उलटी मोजावी, असा प्रश्न होता.

सगळे सातला आले की चिराचिरी लवकर उरकते आणि कुणी उशिरा आला तरी निभतं. पण मसालेभात दहालाच तयार होतो, पंगतीपर्यंत त्याचा गोळा होतो आणि पुऱ्या वातड होतात.

उलट मोजणीत मसालेभात असा बसतो: वाढणी 12:30, मुरायला 20 मिनिटं, शिजायला 40, आधण आणि फोडणीला 30. म्हणजे भट्टी 11 ला पेटते, तांदूळ साडेदहाला धुतले जातात. पुरीची कणीक 11:45 ला, पहिला घाणा 12:20 ला.

यात धोका गॅसचा. सिलिंडरवर दव धरलं, ज्योत बारीक झाली की आधण लांबतं. म्हणून मी भाताला 15 मिनिटं जास्त धरते. शिवाय भात आणि भाजी एकाच भट्टीवर आली, तर भाजी आधी.

भट्ट्या कमी आणि गरम वाढायचं असेल, तर उलट मोजा. लाडू-चिवड्यासारखा टिकाऊ फराळ असेल, तर सगळ्यांना सातला बोलवा.