उशिराच्या रिटर्नची फी: व्याजाच्या खात्यात टाकावी की वेगळी ठेवावी?

एक भागीदारी फर्म घेऊ, हार्डवेअरचं दुकान, ऑडिट लागू नसलेलं. 2023-24 चं आयकर रिटर्न 31 जुलै 2024 पर्यंत भरायचं होतं, ते भरलं 20 ऑक्टोबरला. 60,000 रुपये कर बाकी होता. त्यावर कलम 234अ चं व्याज महिन्याला 1 टक्का, आणि अर्धवट महिनाही पूर्ण धरतात, म्हणून तीन महिन्यांचे 1,800. शिवाय 234फ ची फी 5,000. (आगाऊ कराचं व्याज वगैरे इथे सोडून देऊ.) बँकेच्या पासबुकात मात्र एकच आकडा दिसतो: 66,800. फोड फक्त चलानवर असते.

पहिला पर्याय म्हणजे टॅलीत ‘व्याज व दंड’ असं एकच लेजर. 60,000 कराच्या तरतुदीला नावे टाकले, उरलेले 6,800 या खात्यात. त्याच खात्यात वर्षभराचं कॅश क्रेडिटचं 1,42,000 व्याज आहे. मार्चअखेर बेरीज 1,48,800, आणि ती सगळी नफा-तोट्यात खर्च. नोंद पटकन होते, एवढाच याचा फायदा.

घोळ पुढे होतो. बँकेचं व्याज धंद्याचा मान्य खर्च आहे. आयकर मात्र खर्च म्हणून वजा होत नाही, त्यामुळे त्यावरचं व्याज आणि फीही होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1998 मध्ये भारत कॉमर्स प्रकरणात आगाऊ कराच्या व्याजाबद्दल हेच म्हटलं. म्हणजे 2024-25 चं उत्पन्न काढताना 6,800 नफ्यात परत जोडायला हवेत. कारण पैसे ऑक्टोबरमध्ये गेले, नोंदही त्याच वर्षाच्या वहीत आहे. विसरलं तर फर्मच्या 31.2 टक्के दराने सुमारे 2,122 रुपये कर कमी भरला जातो. रक्कम छोटी आहे, पण नोटीस आल्यावर वर्षभराच्या नोंदी उघडून शोधत बसावं लागतं.

दुसऱ्या पर्यायात ‘बँक व्याज’ वेगळं आणि ‘आयकर व्याज व फी (अमान्य)’ वेगळं. दुसऱ्या खात्याची वर्षअखेरची शिल्लक हाच नफ्यात परत जोडायचा आकडा. मी हेच निवडेन. नावात ‘अमान्य’ मुद्दाम लिहावं, नोंद करणारा मुलगा दरवर्षी बदलतो.

जीएसटीचं काय? त्या उशिरावरच्या व्याजाला भरपाईचं स्वरूप आहे, म्हणून ते सहसा खर्चात धरतात. विलंब शुल्काबाबत सल्लागारांची मतं जुळत नाहीत. म्हणून त्याला तिसरं लेजर द्यावं, सीएने ठरवावं.

मालकी धंदा असेल तर प्रश्नच वेगळा. तिथे मालकाचा आयकर, व्याज आणि फी सगळंच उचल खात्यात जातं, नफा-तोट्याला शिवतच नाही.