पहाटेचे विमान आणि डोंबिवलीहून गाडी : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

कामानिमित्त मला डोंबिवली पूर्वेहून सोमवारी पहाटेचे बंगळुरूचे विमान वारंवार धरावे लागते. विमान बहुधा टर्मिनल २ वरून, पावणेसहाच्या सुमारास सुटते. या वेळेची अडचण अशी की मध्यरात्रीनंतर बंद झालेल्या लोकल चारच्या सुमारास पुन्हा सुरू होतात, घाटकोपरहून अंधेरीकडे जाणारी मेट्रो साडेपाचच्या आसपास आणि टर्मिनलला थेट जोडणारी भुयारी मेट्रो सहाच्या सुमारास धावू लागते. देशांतर्गत विमानासाठी सामान घेण्याचा काउंटर बहुतेक कंपन्या उड्डाणाच्या साठ मिनिटे आधी, म्हणजे माझ्या बाबतीत ४:४५ ला बंद करतात. पहिली लोकल अगदी वेळेवर मिळाली तरी तोवर आपण घाटकोपरच्या आसपासच असतो. त्यामुळे गाडीला पर्याय उरत नाही, आणि ती गाडी भरवशाची कशी करावी हाच या लेखाचा विषय आहे.

आरंभी मी ॲपवर आदल्या संध्याकाळी वेळ ठरवून बुकिंग करत असे. पडद्यावर हिरवी खूण येते, वेळ आणि अंदाजे भाडे दिसते आणि काम झाले असे वाटते. प्रत्यक्षात यातल्या काही सेवांत आदल्या दिवशी कोणताच चालक नेमलेला नसतो. आपली मागणी जपून ठेवली जाते आणि ठरलेल्या वेळेच्या थोडे आधी ती आपोआप बाहेर पडते, इतकेच. अंधेरी किंवा घाटकोपरला हे चालून जाते, कारण तिथे रात्री तीन वाजताही आसपास गाड्या फिरत असतात. डोंबिवलीत त्या वेळी जी एखादी गाडी असते ती कल्याण किंवा शीळफाट्याकडे उभी असते. चालकाला रिकामी गाडी घेऊन सात-आठ किलोमीटर यायचे असते, शिवाय वाटेत सीएनजी भरायचा असतो. मग तो फोन करून ‘कुठे जायचंय, कॅश की ऑनलाईन?’ एवढे विचारतो आणि बुकिंग रद्द होते. विमानतळाचे भाडे चालकाला नकोसे असते, हा समज मला तरी बरोबर वाटत नाही. तिथून त्याला सकाळचे भाडे मिळण्याची शक्यता चांगली असते. अडते ते त्याच्या आपल्यापर्यंत येण्यात.

केंद्र सरकारच्या २०२५ च्या मार्गदर्शक तत्त्वांत सबळ कारणाशिवाय बुकिंग रद्द करणाऱ्या चालकाला भाड्याच्या दहा टक्के, पण शंभर रुपयांपेक्षा अधिक नाही, असा दंड सुचवला आहे. दिवसाच्या प्रवासात त्याने थोडी शिस्त येत असेलही. पहाटे तीनला मात्र चालकाला शंभर रुपये परवडतात आणि आपल्याला विमान चुकणे परवडत नाही. म्हणून बुकिंगच्या पडद्यावर मी आता एकच गोष्ट पाहतो, ती म्हणजे झोपण्यापूर्वी गाडीचा नंबर आणि चालकाचे नाव दिसते की नाही. दिसत नसेल तर ती केवळ नोंदवलेली इच्छा आहे, गाडी नव्हे.

या अनुभवानंतर मी आमच्या भागातच राहणारा, स्वतःची टुरिस्ट परमिटची गाडी चालवणारा एक चालक ठरवला, आणि गेले अनेक महिने हीच व्यवस्था वापरतो आहे. सोसायटीतल्या दोन-तीन कुटुंबांनी त्याचे नाव सुचवले होते. तो माझ्या घरापासून दहा मिनिटांच्या अंतरावर गाडी उभी करतो, आणि या व्यवस्थेचा सगळा जीव त्या दहा मिनिटांत आहे. भाडे बाराशे ते चौदाशेच्या दरम्यान ठरते. ॲपवर कधी त्याहून दोन-तीनशे रुपये कमी दिसतात, ते मी गाडी दारात येण्याची किंमत म्हणून सोडून देतो.

ठरवताना गाडीची पाटी पिवळी आहे, म्हणजे पिवळ्यावर काळी अक्षरे आहेत, हे पाहून घ्यावे. ओळखीतून पांढऱ्या पाटीची खासगी गाडी थोड्या कमी पैशांत मिळते आणि ती नेणारे सज्जनही असतात. पण भाड्याने प्रवासी नेण्याचा परवाना तिला नसतो, वाटेत तपासणी झाली तर वेळ तिथेच जातो, आणि अपघात झाल्यास विम्याचा दावा अडकू शकतो.

दिवस सांगताना विशेष काळजी घ्यावी लागते. ‘उद्या रात्री तीनला’ या वाक्याचे दोन अर्थ होतात आणि चालकाला चुकीचा अर्थ घ्यायला अर्धा क्षणही लागत नाही. मी संदेश असा लिहितो : ‘रविवारी रात्री झोपायचं, सोमवारी पहाटे २:४० ला गेटवर. विमानतळ मुंबई, टर्मिनल २.’ विमानतळाचे नाव आता लिहावेच लागते, कारण नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाल्यापासून डोंबिवलीकरांच्या तिकिटावर BOM किंवा NMI यांपैकी काहीही असू शकते आणि दोन्हींचे रस्ते शीळफाट्यापुढे फुटतात. मुंबईतही टर्मिनल १ विलेपार्ल्याच्या बाजूला आहे, तर टर्मिनल २ सहारला. चुकीच्या दारात उतरल्यास पुन्हा गाडी शोधण्यात पंधरा-वीस मिनिटे सहज जातात.

रविवारी रात्री आठच्या सुमारास मी त्याला फोन करतो आणि गाडी तोच चालवणार आहे ना, हे विचारतो. स्थानिक चालकांत एकमेकांना भाडी देण्याची पद्धत आहे. त्यात गैर काही नाही, पण बदललेल्या माणसाचा नंबर आपल्याकडे हवा. त्याच वेळी गॅस भरलेला आहे का आणि त्याचे शेवटचे भाडे किती वाजता संपते, हेही विचारतो. रात्री एकला कुणाला तरी पनवेलला सोडून आलेला चालक पावणेतीनला वेळेवर येईलही, पण रिकाम्या रस्त्यावर त्याचे डोळे मिटू लागतात. असे असेल तर त्यानेच दुसरा माणूस द्यावा, असे आमच्यात ठरलेले आहे. दोनशे रुपये मी तेव्हाच पाठवतो. रक्कम लहान आहे, तरी पैसे पोहोचल्यावर भाडे त्याच्या डोक्यात पक्के बसते.

वेळेचा हिशोब मी उलट बाजूने करतो. विमान ५:४५ चे, सामानाचा काउंटर ४:४५ ला बंद, प्रवेशद्वारावर आणि सामानाच्या रांगेत पहाटे गर्दी असते म्हणून टर्मिनलवर ४:०० ला. अंतर साधारण चाळीस किलोमीटर असून मोकळ्या रस्त्याने तासभर लागतो, आणि वाटेतल्या अडथळ्यासाठी वीस मिनिटे धरली की निघण्याची वेळ २:४० येते. २:०० ला मी चालकाला फोन करतो. त्याने दोनदा फोन उचलला नाही तर २:१० ला दुसऱ्या ठरलेल्या चालकाला फोन जातो, आणि त्याच मिनिटाला ॲपवरही मागणी टाकली जाते. ही २:१० ची रेषा आधीच आखलेली असल्याने ‘अजून पाच मिनिटे वाट पाहू’ हा मोह होत नाही. २:५५ पर्यंत कोणीच आले नाही तर डोंबिवली स्टेशनबाहेर रात्रीची रिक्षा मिळते का पाहायचे, ठाण्यापर्यंत जायचे आणि तिथून गाडी करायची, हा शेवटचा उपाय. त्यात सगळी सवड संपते, म्हणून त्याला मी व्यवस्था म्हणत नाही.

वीस मिनिटांची सवड अनाठायी वाटेल, कारण पहाटे रस्ते मोकळे असतात अशी आपली समजूत आहे. कल्याण-शीळ रस्त्याच्या बाबतीत ती खरी नाही. ठाणे परिसरात अवजड वाहनांना दिवसा निर्बंध असल्याने जेएनपीटीचे कंटेनर आणि भिवंडीच्या गोदामांचे ट्रक रात्रीच धावतात. एका सोमवारी शीळफाट्याच्या अलीकडे बंद पडलेल्या ट्रेलरमुळे रांग लागली होती. चालकाला वाटेतच दुसऱ्या चालकाचा फोन आला, त्याने गाडी वळवली आणि डोंबिवली पश्चिमेहून माणकोलीच्या पुलाने नाशिक महामार्ग गाठला, मग माजिवडा, मुलुंड आणि जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्ता असे करत सव्वाचारच्या आत टर्मिनल गाठले. नकाशाच्या ॲपने ती रांग थोड्या उशिराने लाल दाखवली. त्या वेळी रस्त्यावर ॲपला माहिती देणारे फोन कमी असतात, चालकांचे आपापसांतले जाळे मात्र जागे असते. स्थानिक चालकासाठी मोजलेले जादा पैसे मला त्या दिवशी पूर्णपणे वसूल झाल्यासारखे वाटले.

पैशांविषयी एक बाब स्पष्ट असावी. मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांचा टोल ऑक्टोबर २०२४ पासून माफ आहे, तेव्हा ऐरोली किंवा मुलुंडच्या नाक्याच्या नावाने कोणी टोल मागितला तर तो देण्याचे कारण नाही. टर्मिनलच्या दारात केवळ उतरवून लगेच निघणाऱ्या गाडीला पार्किंगचेही पैसे पडत नाहीत.

या व्यवस्थेची मोठी मर्यादा अशी की ती एका माणसावर उभी आहे. आमच्याकडचे बरेच चालक कोकणातले आहेत. गणपतीत आणि शिमग्याला ते स्वतः गावी जातात किंवा गाडीसह कोकणच्या भाड्यावर असतात, आणि त्या आठवड्यांत दुसरा चालकही मिळत नाही. अशा वेळी मी रात्री बाराच्या आतली लोकल धरून घाटकोपरला उतरतो आणि काळी-पिवळी करतो. टर्मिनल २ पर्यंतच्या सुमारे नऊ किलोमीटरचे मीटरभाडे फेब्रुवारी २०२५ च्या दराने एकशे पंचाऐंशीच्या आसपास होते आणि मध्यरात्र ते पहाटे पाच या वेळेचा पंचवीस टक्के अधिभार धरून सव्वादोनशे ते अडीचशे रुपये पडतात. खर्च अगदी थोडा, पण उरलेली रात्र टर्मिनलवर जागून काढावी लागते. दुसऱ्या दिवशी बैठक असेल तर मी हे करत नाही, अंधेरीत एका रात्रीची खोली घेतो.

पत्नी एकटी गेली तेव्हाही हीच व्यवस्था वापरली. गाडीचा नंबर आदल्या रात्रीच घरी लिहून ठेवला होता आणि वाटेतले ठिकाण तिच्या फोनवरून मला दिसत होते, तरी तिला अधिक धीर चालक ओळखीचा असण्याचा वाटला. सोसायटीच्या रखवालदाराला मात्र आदल्या रात्री सांगून ठेवावे, कारण त्याने गेट उघडेपर्यंत चालक बाहेर हॉर्न वाजवत बसला तर अख्खी इमारत जागी होते.

वर्षातून एखाद-दुसऱ्यांदाच पहाटेचे विमान धरणाऱ्याला एवढा खटाटोप करण्याची गरज नाही. त्याने आदल्या रात्रीच चालक नेमून देणारी सेवा निवडावी, वीस-पंचवीस मिनिटे अधिक हाताशी ठेवावीत आणि एका स्थानिक चालकाचा नंबर विचारून ठेवावा. माझ्यासारखे महिन्यातून अनेकदा जाणारे असतील तर ठरलेला चालक हाच पर्याय मी सुचवेन. ॲप मी फोनवर ठेवले आहे, २:१० नंतरच्या वापरासाठी.