जोडणारा राष्ट्रवाद, तोडणारा राष्ट्रवाद: दुवा 1866 चा

एकाच राष्ट्रवादाने जर्मनीला जोडलं आणि ऑस्ट्रियाला तोडलं, हे कसं? जर्मनीचं एकीकरण आणि ऑस्ट्रियाची फाटाफूट ही दोन वेगळी प्रकरणं मानली की याचं उत्तर फसतं. 3 जुलै 1866 ला प्रशिया या जर्मन राज्याने ऑस्ट्रियाला हरवलं, आणि दोन्ही गोष्टींना तिथूनच वेग आला.

जर्मन भाषा एक, राज्यं अनेक; तिथे राष्ट्रवादाने सीमा पुसल्या आणि 1871 मध्ये साम्राज्य उभं राहिलं. ऑस्ट्रियाच्या त्याच पराभवामुळे व्हेनिसचा प्रदेश इटलीला मिळाला.

ऑस्ट्रियात उलटं होतं: राज्य एक, भाषा अनेक. जर्मन राजकारणातून बाहेर फेकल्या गेलेल्या सम्राटाला 1867 मध्ये हंगेरीशी तडजोड करावी लागली. सम्राट, परराष्ट्र खातं आणि मुख्य सैन्य सामाईक, संसदा मात्र दोन. खरी गाठ इथेच बसली. हंगेरियनांना मिळालं ते साम्राज्यातल्याच चेक लोकांना नाकारलं गेलं, आणि ती मागणी पुढे कधीच शमली नाही. पहिल्या महायुद्धातल्या पराभवानंतर, 1918 मध्ये, ऑस्ट्रियाचं साम्राज्य साधारण याच भेगांवरून फुटलं.