डब्ल्यूपीएस बटण: काही महिने वापरल्यावर, आणि नव्या फोनमधून ते का गेलं

गेले काही महिने माझ्या राउटरवर दोन अँड्रॉइड फोन चालू आहेत. एक जुना, अँड्रॉइड ८ वर थांबलेला. दुसरा नवा, अँड्रॉइड १० च्याही पुढचा. जोडीला एक प्रिंटर आणि लांबच्या खोलीसाठी एक रिपीटर. राउटरच्या मागे `WPS` लिहिलेलं बटण आहे. जुना फोन आणि प्रिंटर त्यानेच जोडले. नव्या फोनच्या सेटिंगमध्ये मात्र तो पर्यायच नाही. बटण वापरायला सोपं आहे आणि तरीही फोनमधून ते गेलं हे योग्य झालं, असं माझं आता ठाम मत झालं आहे. ते का, हे बटण आत काय करतं ते पाहिल्याशिवाय कळत नाही, म्हणून आधी तेच सांगतो.

जुन्या फोनवर वायफाय, मग प्रगत सेटिंग, मग डब्ल्यूपीएस पुश बटण असं जायचं. फोन शोध सुरू करतो, आपण राउटरचं बटण दाबायचं, आणि पासवर्ड न टाकता फोन जोडला जातो. यासाठी २ मिनिटांची मुदत असते. तेवढ्या वेळात दुसऱ्या बाजूने कोणी आलं नाही तर राउटर आपणहून थांबतो. दाबताना एक काळजी घ्या: काही राउटरवर हेच बटण रीसेटचंही असतं. थोडा वेळ दाबलं तर डब्ल्यूपीएस, पाच-दहा सेकंद धरून ठेवलं तर सगळी सेटिंग पुसली जाते. बटणाखाली दोन्ही शब्द छापलेले असतील तर दाबून लगेच सोडायचं.

बटण दाबल्यावर राउटर आपल्या नेहमीच्या सिग्नलमधूनच जाहीर करतो की मी आता नवं उपकरण घ्यायला तयार आहे. फोन ते ऐकून पुढे येतो. दोघं मिळून एक गुप्त किल्ली ठरवतात आणि तिच्या आड राउटर नेटवर्कचं नाव व पासवर्ड फोनला देतो. त्यानंतर राउटर फोनला मुद्दाम तोडतो. ही तात्पुरती जोडणी संपलेली असते आणि फोनने आता मिळालेला पासवर्ड वापरून नेहमीसारखं आत यायचं असतं. त्यामुळे मध्येच क्षणभर ‘डिस्कनेक्ट’ दिसलं तर जोडणी फसली असं समजून पुन्हा बटण दाबायला जाऊ नका. थोडं थांबलं की फोन आपणहून जोडला जातो.

खरी अडचण येते ती दोन उपकरणं एकाच वेळी पुढे आली की. मला हे प्रिंटरमुळे नीट कळलं. प्रिंटर लांबच्या खोलीत होता आणि त्याचा शोध रेंगाळत चालला होता. राउटरचं बटण दाबून झालं होतं. तेवढ्यात जुन्या फोनवरही डब्ल्यूपीएस सुरू झालं. राउटरला आता दोन उमेदवार दिसले आणि त्याने दोघांनाही नाकारलं. फोनवर संदेश आला की डब्ल्यूपीएसचं दुसरं सत्र आढळलं आहे, काही मिनिटांनी प्रयत्न करा. हा बिघाड नाही, हा नियम आहे. बटणाच्या पद्धतीत राउटरला आपला कोण आणि परका कोण हे ओळखताच येत नाही. म्हणून एकाहून जास्त जण दिसले की कोणालाच घ्यायचं नाही, एवढाच बचाव त्याच्याकडे असतो.

हा नियम मागच्या २ मिनिटांचाही हिशेब ठेवतो. समजा प्रिंटरने शून्याव्या सेकंदाला शोध सुरू केला, राउटरचं बटण १० व्या सेकंदाला दाबलं, फोन ३० व्या सेकंदाला आला आणि सगळं फसलं. तुम्ही लगेच ६० व्या सेकंदाला फोनवरून पुन्हा सुरू केलं, तर राउटरच्या नोंदीत प्रिंटर अजून ताजाच असतो आणि पुन्हा तेच उत्तर मिळतं. घाईघाईने बटण दाबत राहिलं तर ही मुदत पुढेच सरकत राहते. उपाय साधा आहे: दोन्हीकडचा शोध रद्द करायचा, पूर्ण २ मिनिटं काहीही दाबायचं नाही, मग एकच उपकरण घ्यायचं. ते जोडलं गेल्याची खात्री झाल्यावर दुसरं. रिपीटरचं बटणही त्याच वेळी दाबलेलं असेल तर गोंधळ उलट्या दिशेने होतो. मग फोनलाच दोन यजमान दिसतात आणि तो माघार घेतो.

आणि काही वेळा बटण दाबून काहीच होत नाही. नेटवर्कचं नाव लपवून ठेवलं असेल तर बहुतेक राउटर डब्ल्यूपीएस बंदच करतात. वायफायची सुरक्षा फक्त डब्ल्यूपीए३ या नव्या पद्धतीवर ठेवली तरी तेच. डब्ल्यूपीएस ज्या काळात ठरलं त्या काळात डब्ल्यूपीए३ नव्हतंच, त्यामुळे त्याच्या निरोपात ‘हे नेटवर्क डब्ल्यूपीए३ चं आहे’ असं सांगायला जागाच नाही. बटण चालावं म्हणून सुरक्षा एक पायरी खाली आणणं मला पटत नाही.

आता फोनमधून ते का गेलं. डब्ल्यूपीएस बाजारात आलं २००७ साली. बटणाबरोबर त्याची दुसरी पद्धत होती ८ आकडी पिनची. डिसेंबर २०११ मध्ये श्टेफान फीबॉक या संशोधकाने त्या पिनमधली चूक उघड केली. आठवा आकडा आधीच्या सातांवरून काढलेला असतो, म्हणजे शोधायचे फक्त ७. त्यातही राउटर पिनचे दोन भाग वेगवेगळे तपासतो आणि पहिला भाग चुकला की दुसऱ्याकडे न जाताच नकार देतो. म्हणून पहिल्या ४ आकड्यांसाठी जास्तीत जास्त १०,००० आणि उरलेल्या ३ साठी १,००० असे एकूण ११,००० प्रयत्न पुरतात. लागायला हवे होते एक कोटी. राउटर मध्ये अडवत नसेल तर एवढे प्रयत्न काही तासांत होतात, आणि पिन सापडला की पासवर्ड कितीही लांब असला तरी तो हातात येतो.

ही चूक पिनची, बटणाची नाही, हे खरं आहे. ‘मग बटण तरी का काढलं?’ असा प्रश्न मला बरेच जण विचारतात. पण बऱ्याच राउटरवर दोन्हींसाठी एकच चालू-बंद असतं. बटण वापरायचं म्हणून डब्ल्यूपीएस चालू ठेवलं की पिनही जागा राहतो. फोन बनवणाऱ्याला लोकांचे राउटर दुरुस्त करता येत नाहीत. डब्ल्यूपीएस चालू ठेवण्याचं एक कारण मात्र त्याला कमी करता येतं.

बटणाची स्वतःची कमजोरीही लहान नाही. गुप्त किल्ली ठरते, पण ती कोणाबरोबर ठरली हे कोणीच तपासत नाही. बटणाच्या पद्धतीत पिनच्या जागी आठ शून्यं वापरली जातात, म्हणजे सगळ्या जगाला माहीत असलेला पिन. राउटर बटण दाबल्याची घोषणा उघड करतो, त्यामुळे जवळपास कोणी सतत कान देऊन असेल तर तुमचा फोन पुढे येण्याआधीच त्याचं उपकरण घुसू शकतं. एक जण आत आला की मुदत तिथेच संपते. म्हणून एक खूण लक्षात ठेवा: तुमचा फोन जोडला गेला नाही, पण राउटरचा लुकलुकणारा दिवा २ मिनिटांच्या बऱ्याच आधी थांबला, तर पुन्हा बटण दाबण्याआधी राउटरच्या सेटिंगच्या पानावर जोडलेल्या उपकरणांची यादी बघा. अनोळखी नाव दिसलं तर पासवर्ड बदला. नुसतं ते उपकरण यादीतून काढून उपयोग नाही, कारण पासवर्ड त्याच्याकडे गेलेला असतो. राउटरपर्यंत हात पोचणाऱ्या कोणालाही हेच लागू आहे. बटणाने मिळतो तो घरातला मुख्य पासवर्डच, तात्पुरता पास नाही.

अँड्रॉइडमध्ये हा पर्याय २०१८ साली, आवृत्ती ९ पासून गेला. ॲपना डब्ल्यूपीएस सुरू करू देणारी सोयही तेव्हाच मोडीत काढली गेली. म्हणून नव्या फोनवर ‘डब्ल्यूपीएसने जोडून देतो’ म्हणणारी ॲप घेऊ नका. आयफोनमध्ये तर वायफायला जोडण्यासाठी हे बटण कधीच नव्हतं. गंमत अशी की वायफाय डायरेक्टमध्ये, म्हणजे राउटरशिवाय दोन उपकरणं थेट जोडताना, अँड्रॉइड आतून अजूनही हीच पद्धत वापरतं. तिथे समोर स्वीकारा-नाकारा विचारणारी खिडकी येते, आणि घरचा पासवर्ड कोणाच्या हाती जात नाही.

नव्या फोनवर मला बटणाची उणीव भासली नाही, कारण फोनला कॅमेरा आहे. जोडलेल्या फोनच्या वायफाय सेटिंगमध्ये ‘शेअर’ दाबलं की क्यूआर कोड येतो आणि दुसरा फोन तो वाचून जोडला जातो. दोन उमेदवार एकत्र आले म्हणून इथे काही अडत नाही. कोडमध्ये साधा मजकूर असतो, तो स्वतः तयार करून छापूनही ठेवता येतो:

```
WIFI:T:WPA;S:GharWifi;P:nadi\;2dongar;;
```

इथे पासवर्ड आहे `nadi;2dongar`. अर्धविरामाआधी तिरकी रेघ द्यावीच लागते, नाहीतर फोन पासवर्ड `nadi` एवढाच समजतो. छापलेला कोड चालत नसेल तर आधी हे तपासा. आणि हा कोड म्हणजे उघडा पासवर्डच आहे, हे धरून तो कुठे लावायचा ते ठरवा.

कॅमेरा आणि कीबोर्ड नसलेल्या उपकरणांसाठी २०१८ मध्ये वायफाय ईझी कनेक्ट आलं, अँड्रॉइडमध्ये ते आवृत्ती १० पासून आहे. त्यात उपकरणावर छापलेल्या क्यूआरमध्ये पासवर्ड नसतो, त्या उपकरणाची सार्वजनिक किल्ली असते. फोन ती वाचतो, त्यामुळे पलीकडे नेमकं तेच उपकरण आहे हे कळतं. बटणाला जे कधीच जमलं नाही ते हेच. माझा प्रिंटर ते ओळखत नाही, म्हणून त्याच्यापुरतं बटण मी ठेवलं आहे. राउटरच्या पानावर पिन वेगळा बंद करण्याची सोय होती, तो कायमचा बंद केला. डब्ल्यूपीएसही एरवी बंदच असतं. प्रिंटर नव्याने जोडायचा असेल तेव्हा ते चालू करायचं, बटण दाबायचं, यादीत फक्त प्रिंटरच वाढल्याचं बघायचं आणि परत बंद करायचं.