ऑनलाइन क्विझ घेऊन पैसे घेतो, त्याचा वर्षभराचा अनुभव (काहूट, गुगल फॉर्म आणि फीचं गणित)

ग्रुपवर बरेच जण विचारायलेत म्हणून सविस्तर लिहितो. मी संभाजीनगरचा, वाळूजमधल्या कंपन्यांच्या एचआरसाठी आणि पुण्या-मुंबईत राहणाऱ्या आपल्या लातूर-नांदेडकडच्या लोकांच्या मंडळांसाठी झूमवर क्विझ घेतो. आता सांभाळून घेण्याइतपत काम येतंय.

सगळ्यात आधी काहूट, म्हणजे आपापल्या फोनवर उत्तर दाबून खेळायचं क्विझ ॲप. लोकांना लई आवडतं, म्युझिक, रंग, लीडरबोर्ड, मजा येते. पण त्याचे पॉइंट कसे मिळतात ते नीट समजून घ्या. उत्तर बरोबर असेल तर 1000 पैकी पॉइंट, आणि जितका वेळ घ्याल तितके कमी, अगदी शेवटच्या सेकंदाला दिलं तर साधारण निम्मे. आता 20 सेकंदांचा प्रश्न धरा. पुण्यात फायबरवर बसलेल्याने 2 सेकंदात दाबलं, त्याला 950. गेवराईकडच्या गावात मोबाईल डेटावर बसलेल्या भावाकडे झूमची स्क्रीनच 4 सेकंद उशिरा पोचली, त्यानेही तितक्याच चपळाईने दाबलं तरी 6 सेकंद झाले, म्हणजे 850. असे दहा प्रश्न झाले की हजार पॉइंट गेले, म्हणजे एक अख्खा प्रश्न गेला, आणि त्याला उत्तर तर येत होतं! यात काहूटचा दोष नाही, स्क्रीन शेअर उशिरा पोचतं हे कारण आहे. ओळखायचं कसं, तर एकच माणूस प्रत्येक प्रश्नाला बरोबर असून खाली खाली सरकत असेल तर समजा लॅग आहे.

मी दोन गोष्टी करतो. सेटिंगमध्ये प्रश्न आणि पर्याय खेळाडूच्या फोनवरच दिसतील असं ठेवतो, म्हणजे झूमकडे बघायची गरज नाही. आणि टायमर 60 सेकंद, मग त्याच 4 सेकंदांचे फक्त 33 पॉइंट जातात. पण 60 सेकंद दिले की गुगल करायला वेळ मिळतो, हे दुखणं राहतंच. म्हणून प्रश्नच असे बनवायचे की एका सर्चमध्ये उत्तर येऊ नये. उदा. "वेरूळच्या कैलास लेण्याच्या नंबरातून मराठवाड्यातल्या जिल्ह्यांची संख्या वजा करा, किती उरले?" 16 वजा 8, उत्तर 8. ज्याला माहीत आहे तो पाच सेकंदात सांगतो, शोधणारा दोनदा शोधत बसतो.

टीम क्विझ असेल तर मी काहूट वापरतच नाही. झूमच्या ब्रेकआऊट रूम, दर राऊंडला दहा प्रश्नांचा एक गुगल फॉर्म, टीमचा कॅप्टन भरतो, वेळ संपली की फॉर्म बंद. यात वेगाला किंमत नाही, चर्चेला आहे, आणि गावाकडचे लोक यातच खुलतात. फक्त लेखी उत्तर आपोआप तपासायला ठेवू नका बरं का, कारण फॉर्म अक्षर न अक्षर जुळवतो. मुकुंदराजांची समाधी कुठे असं विचारलं की कोणी अंबाजोगाई लिहितो, कोणी आंबाजोगाई, कोणी इंग्रजीत, आणि तिघंही बरोबर. शीटमध्ये तपासायला एक माणूस बसवा, मी होस्टिंग करत करत तपासू शकत नाही म्हणून त्याला इव्हेंटचे 800 देतो. अजून एक, झूमच्या फ्री अकाउंटला 40 मिनिटांची मर्यादा आहे, एक तासाच्या पेड क्विझला ते चालणार नाही.

आता फी. माणशी रेट कधीच नका लावू, 80 म्हणतात आणि 35 येतात, मेहनत तेवढीच. मी असं काढतो: 30 नवीन प्रश्न, प्रत्येकी दोन ठिकाणी पडताळून साधारण 20 मिनिटं, म्हणजे 10 तास. तासाला 300 धरले तर 3000. इव्हेंट आणि रिहर्सल 3 तासांचे 900, मदतनीस 800, टूल्सच्या वर्गणीचा वाटा 500. खर्चच 5200 झाला, म्हणून कंपनीला 8000 सांगतो, 50 लोकांपर्यंत. कंपनीच्या स्वतःच्या प्रोडक्टवर, इतिहासावर प्रश्न पाहिजेत तर 2000 वेगळे, कारण ते प्रश्न पुन्हा कुठेच वापरता येत नाहीत. मंडळाला 4000 मध्ये करतो, पण तिथे जुना सेट वापरतो आणि ते आधीच सांगतो. सेट एकाच मंडळाला दुसऱ्यांदा जाऊ नये म्हणून कोणाला कुठला दिला ते शीटमध्ये लिहून ठेवतो.

बरेच जण म्हणतात की खेळणाऱ्यांकडून प्रत्येकी 100 रुपये घ्या आणि त्यातूनच रोख बक्षीस द्या. हे मी करत नाही. 2025 च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे भरून पैसे जिंकायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणलीय, आणि त्यात बुद्धीचा, कौशल्याचा खेळ असला तरी सूट नाही. माझी फी आयोजक देतो, खेळणारा एक रुपया देत नाही, आणि बक्षीस आयोजकाच्या खिशातून. कोटेशनच्या मेसेजमध्येच हे लिहितो, सोबत निम्मा ॲडव्हान्स, किती लोकांपर्यंत, किती राऊंड, आणि तारीख बदलायची तर तीन दिवस आधी कळवा हे पण.