फुटलेल्या डिस्प्लेचं एस्टिमेट: दोन ओळींचं पत्र पाठवावं की बाबवार?

फोनचा डिस्प्ले तडकला की सर्व्हिस सेंटरला दोन प्रकारे लिहिता येतं. एक पत्र दोन ओळींचं असतं: "माझ्या फोनचा डिस्प्ले फुटला आहे. दुरुस्तीला अंदाजे किती खर्च येईल ते कळवावे." दुसरं जरा लांब, कशाचे किती ते वेगवेगळं मागणारं. गेल्या वेळी मी दोन्ही लिहिली. पहिल्याने काम भागलं नाही म्हणून दुसरं लिहावं लागलं.

पहिल्या पत्राचं उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं: "डिस्प्ले बदलणे, सर्व मिळून" आणि पुढे एक आकडा. उत्तर लवकर येतं हा या पत्राचा खरा गुण. फोन जुना झालाय, दुरुस्त करायचा की नवाच घ्यायचा एवढंच ठरवायचंय, तर तो एक आकडा पुरे. लांब पत्र लिहायच्या भानगडीत पडूच नका.

अडचण येते ती दुरुस्ती करायचीच असेल तेव्हा. त्या एका आकड्यात काय काय बसलंय ते कळत नाही. ज्याला आपण डिस्प्ले म्हणतो त्यात वरची काच, टचचा थर आणि चित्र दाखवणारं पॅनल असतं, आणि आजकालच्या बहुतेक फोनांत ते पारदर्शक चिकटद्रव्याने एकजीव केलेलं असतं. म्हणून सर्व्हिस सेंटर सहसा नुसती काच बदलत नाही, अख्खा संच बदलतं. काही मॉडेलांत हा संच फ्रेमसकट येतो, काहींत तर बॅटरीही त्यालाच लागून येते. एकाच नावाखाली एका ठिकाणी नुसता डिस्प्ले आणि दुसऱ्या ठिकाणी डिस्प्ले, फ्रेम, बॅटरी असे तीन भाग असतील, तर दोन ठिकाणचे आकडे शेजारी ठेवून उपयोग काय?

मग मी हे दुसरं पत्र पाठवलं:

प्रति,
व्यवस्थापक, सर्व्हिस सेंटर

विषय: फुटलेल्या डिस्प्लेच्या दुरुस्तीचे बाबवार एस्टिमेट मिळणेबाबत (दुरुस्तीस अद्याप संमती नाही)

महोदय,

माझा फोन पडल्यामुळे समोरची काच खालच्या उजव्या कोपऱ्यातून तडकली आहे. चित्र स्वच्छ दिसते, डाग किंवा रेघा नाहीत. तड्याजवळ एका जागी टच चालत नाही. मागचे पॅनल व फ्रेम शाबूत आहेत. मॉडेल व आयएमईआय क्रमांक खाली दिला आहे, फोटो जोडले आहेत.

कृपया पुढील खर्च स्वतंत्रपणे कळवावा: डिस्प्लेचा भाग (पार्ट नंबर, कंपनीचा मूळ की पर्यायी, सोबत फ्रेम किंवा बॅटरी येते का), इतर लागणारे भाग व सील, मजुरी, तपासणी शुल्क आणि कर. नव्या भागाची वॉरंटी किती दिवसांची, जुना भाग परत मिळेल का आणि हे एस्टिमेट कोणत्या तारखेपर्यंत ग्राह्य आहे, हेही लिहावे.

माझी लेखी संमती मिळेपर्यंत कोणताही भाग बदलू नये. फोन उघडल्यावर जादा काम निघाल्यास आधी सुधारित एस्टिमेट पाठवावे. फोनमधील डेटा पुसावा लागणार असल्यास तसे आधी कळवावे.

आपला विश्वासू,

टचबद्दलचं वाक्य आधी माझ्या पत्रात नव्हतं, कारण टच ठीक आहे असाच माझा समज होता. पत्र पाठवण्याआधी सहज एक आयकॉन दाबून धरला आणि पडद्यावर ओळीओळीने फिरवला. तड्याशी आला की तो हातातून सुटायचा, दर वेळी त्याच जागी. या एका गोष्टीने निम्मा निर्णय झाला. चित्र आणि टच दोन्ही धड असतील तर नुसती काच बदलून देणाऱ्या कारागिराचा विचार करता येतो. तो काच तापवून वेगळी करतो आणि नवी चिकटवतो. पण टच गेला असेल, किंवा तड्याजवळ शाई सांडल्यासारखा काळा डाग पसरत असेल, तर नवी काच लावून काही साधत नाही. आयएमईआय *#06# डायल केल्यावर दिसतो. पडदा पूर्ण काळा झाला असेल तर तो खोक्यावर छापलेला असतो.

बाबवार उत्तराला चार दिवस लागले, मध्ये एकदा आठवणही करावी लागली. पण त्यात दोन गोष्टी उघड झाल्या. माझ्या मॉडेलचा डिस्प्ले फ्रेम आणि बॅटरीसकट येणार होता. माझी बॅटरी तशीही दुपारपर्यंत मान टाकायची, त्यामुळे मघाशी महाग वाटलेला आकडा एकदम बरा वाटला. दुसरी गोष्ट म्हणजे यादीत मागचं पॅनलही होतं, आणि माझं पॅनल तर अखंड! विचारल्यावर कळलं की हा फोन मागून उघडतो. पॅनल गोंदाने चिकटवलेलं असतं, तापवून काढताना कधी कधी तुटतं, म्हणून ते आधीच धरून ठेवतात. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, पण न तुटलेल्या पॅनलचे पैसे मी का द्यावेत? ती ओळ "तुटल्यास, आधी कळवून" अशी बदलून घेतली. पॅनल तुटलं नाही, पैसेही लागले नाहीत. "सर्व मिळून"वाल्या आकड्यात ही ओळ मला दिसलीच नसती.

लांब पत्रालाही मर्यादा आहे. नुसत्या फोटोंवरून आतलं काही सांगता येत नाही: फ्रेम किंचित वाकली आहे का, आत ओल गेली आहे का, हे उघडल्याशिवाय कळत नाही. म्हणून बरीच केंद्रं पक्कं एस्टिमेट फोन जमा केल्यावरच देतात आणि तपासणीचे पैसे घेतात. दुरुस्ती नाकारली तर ते शुल्क परत मिळतं की बुडतं, आणि दुरुस्ती केली तर बिलातून वजा होतं का, हे तेव्हाच विचारून घ्या. प्रश्नही मोजकेच ठेवा. माझ्या पहिल्या खर्ड्यात चौदा होते. अशा पत्राला कोणी धड उत्तर देत नाही, फोन करून "या ना सर, बोलू" म्हणतात.

तोंडी बोलण्यावर मात्र राहू नका. पत्र कितीही नीट लिहिलं तरी काउंटरवर फोन देताना जॉब शीटवर सही करावी लागते, आणि तिथे बारीक अक्षरात "ग्राहकाला खर्च मान्य" अशी ओळ असू शकते. माझ्या शीटवर त्या चौकटीत आधीच बरोबरची खूण होती. ती खोडायला लावली, शेजारी "फक्त तपासणी, दुरुस्तीस संमती नाही" असं लिहिलं, खाली पत्राची तारीख घातली आणि मगच सही केली. काउंटरवरच्या मुलाला ते फारसं रुचलं नाही, पण दुसरी प्रत त्याने शिक्का मारून दिली.

तर फोन ठेवायचा की नाही हेच ठरायचं असेल, तर दोन ओळी लिहून मोकळे व्हा. दुरुस्ती नक्की असेल, विम्याचा दावा करायचा असेल किंवा दोन ठिकाणचे दर जोखायचे असतील, तर बाबवार पत्र पाठवा, आणि दोन्ही ठिकाणी शब्दन् शब्द तेच पाठवा, म्हणजे उत्तरं ओळीला ओळ लावून वाचता येतील.